मिरगाआधीचा स्लॅब आणि बुटात गेलेला माल

मिरग 7 जूनच्या आसपास लागतो. त्याआधी स्लॅब पडायला हवा, म्हणून मे महिन्यात खानापूर, हुक्केरी, चिक्कोडीकडं नुसती घाई. मिक्सरवर सिमेंटच्या ओल्या मालाची घमेली उचलणारे निम्मे गडी शेतकरीच असतात आणि दीड महिन्यानं तेच पाय भाताच्या चिखलात उतरायचे असतात. दरवर्षी लावणीच्या तोंडावर पायाला फडकं बांधून बांधावर बसलेला एक तरी मला दिसतोच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बुटात माल गेला होता, संध्याकाळी धुतला."

ही संध्याकाळच घात करते.

माती परीक्षणात सामू 8.5 च्या वर गेला की जमीन बिघडली म्हणतो आपण. ओल्या सिमेंटचा सामू 12 ते 13 असतो. तो खार कातडी भाजतो, पण विस्तवासारखा चटका देत नाही. पहिले काही तास फार तर चुरचुरतं, आणि गडी काम करत राहतो.

गेल्या वर्षीची खानापूर तालुक्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एकाच्या गमबुटात वरून माल शिरला. स्लॅब मध्ये थांबवायचा नसतो, म्हणून तो पाचपर्यंत तसाच उभा. बूट काढला तर नडगीवर बुटाच्या काठाची लाल रेघ, बाकी काही नाही. रात्री फोड आले. तिसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढा काळपट, चामड्यासारखा डाग. दाबला तर दुखेना, म्हणून तो खूश. दुखत नाही म्हणजे भाजणं खोल गेलंय. ती खपली गळून आतला खड्डा भरायला पाच आठवडे गेले आणि लावण मजुरांकडून करून घ्यावी लागली.

माल आत गेला की तिथल्या तिथं बूट, मोजा, भिजलेली पँट काढा. सुकलेली भुकटी आधी झटका, मग वाहतं पाणी निदान 20 मिनिटं. तांब्याभर पाणी ओतणं म्हणजे धुणं नव्हे. काही गवंडी पाण्यात व्हिनेगर घालतात. फोड आलेल्या जागी ते नको, साधं पाणीच बरं. डोळ्यात उडालं तर तसंच धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. काळपट किंवा पांढरट डाग पडला, फोड आले, तरी दवाखानाच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथंच विचारा. माझा स्वतःचा अनुभव असा की पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडली तर माल आत कमी जातो. शास्त्र काय म्हणतं माहीत नाही, पण खर्च तर शून्य आहे.

आता खाजेचं. भाजलेल्या जागेला काठ असतो आणि ती त्याच दिवशी कळते. सिमेंटची अॅलर्जी एक-दोन दिवसांनी उठते: बोटांच्या बाजूला, मनगटावर बारीक पाणीदार पुळ्या, प्रचंड खाज, नंतर जाड भेगाळ कातडी. माल लागला नव्हता तिथंही ती पसरते. कारण सिमेंटमधलं क्रोमियम, आणि एकदा जडली की बहुधा सोडत नाही. क्रोमनं कमावलेल्या चामड्याचे हातमोजे, बूटही अशा माणसाला चालत नाहीत. निपाणी-अथणीकडची बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेली जुन्या पद्धतीची चप्पल मात्र सहसा त्रास देत नाही. कामाला रबरी हातमोजे घ्या, आतून कोरडे.

दुकानदार "नायट्याचं आहे" म्हणून तीन-चार औषधांची मिश्र ट्यूब देतो. कीटकनाशकाच्या दुकानात एकाला दोन बाटल्या गळ्यात मारतात, तसलाच प्रकार. त्यात बहुतेकदा क्लोबेटासोलसारखं कडक स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते. खरोखर नायटा असेल तर आतून पसरतो, त्याची कडा पुसली जाते आणि पुढं डॉक्टरलाही ओळखेना होतो. कातडी पातळ होते ती वेगळीच. रोज संध्याकाळी हात धुऊन खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन लावा, पण उघड्या जखमेवर नाही.

चेहरा, मान काळवंडली की सगळे उन्हावर ढकलतात. हनुवटीखाली आणि कानामागं बघा. तिथली कातडी स्वच्छ असेल तर ऊन. तिथंही पापण्यांसकट खाज आणि जाडपणा असेल तर बांधावरच्या काँग्रेस गवताचा संशय घ्या. फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे घालून.

या पंधरवड्यातली बाकीची कामं:
- धूळवाफ पेरणीसाठी कुळवणी
- भात बियाणं 3 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम), तरंगतं काढून बाकीचं दोनदा धुऊन सुकवणं
- बांध-बंदिस्ती, चरांची सफाई
- सोयाबीनची उगवण चाचणी

पायाला जखम असेल तर लावणीच्या पाण्यात उतरू नका. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप अशाच जखमेतून शिरतो. खपली पडून गुलाबी कातडी आली की कोरडं फडकं रात्रभर बांधून बघायचं. सकाळी त्याला डाग लागला तर अजून आठवडाभर थांबा.