मराठी परिचयात इंग्रजी पदनाम : या चुका टाळा

सत्कार, स्नेहसंमेलन किंवा स्मरणिका ठरली की पाहुण्यांचा इंग्रजी परिचय मराठीत उतरवायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. बाकीचा मजकूर निभावतो, पण पदनामाशी आलं की घोटाळा होतो. एक नमुना घेऊ. पाहुण्या मूळच्या सोलापूरच्या. आधी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसर, मग पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर, आणि आता तिथेच डायरेक्टर, प्रॉडक्ट. मराठी मसुद्यात बहुतेक वेळा असं येतं : ‘आधी सहयोगी प्राध्यापक, नंतर वरिष्ठ उत्पादन व्यवस्थापक, सध्या उत्पादन संचालक.’ वाचायला अगदी नीटनेटकं, आणि तिन्ही पदं चुकलेली.

सगळंच मराठी करायचा हट्ट

मधलं पद आधी पाहू, कारण नुकसान तिथे सर्वांत जास्त आहे. ‘उत्पादन’ हा शब्द आपण तयार मालासाठीही वापरतो आणि माल तयार करण्याच्या कामासाठीही. त्यामुळे ‘उत्पादन व्यवस्थापक’ वाचल्यावर सोलापूरच्या माणसाला कारखाना दिसतो : टॉवेलचे लूम, पाळ्या, आज किती माल निघाला याचा हिशेब. ते प्रॉडक्शन मॅनेजरचं काम. आपल्या पाहुण्या ॲपमध्ये कोणती सोय आधी आणायची, कोणती मागे ठेवायची हे ठरवत होत्या.

अशा वेळी उलटी तपासणी करा. मराठी पदनाम मूळ परिचय न वाचलेल्या माणसाला द्या आणि त्याचं इंग्रजी करून मागा. दुसरंच पद परत आलं, तर भाषांतर टाकून द्या आणि ‘सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर’ तसंच ठेवा. पण नुसतं ठेवून भागत नाही. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते कळणार नाही, म्हणून पुढे कामाचं एक साधं वाक्य हवंच. गारमेंट किंवा टॉवेल निर्यातीतल्या ‘मर्चंडायझर’चंही असंच. त्याला ‘व्यापारी’ केलं की नोकरदार माणूस दुकानाचा मालक होऊन बसतो. नमुना मंजूर करून घेण्यापासून माल रवाना होईपर्यंत ऑर्डरचा पाठपुरावा करणारा, एवढं सांगितलं की पुरे.

‘डायरेक्टर’ची अडचण वेगळी. कंपनी कायद्यानुसार संचालक म्हणजे संचालक मंडळाचा सदस्य, आणि त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी असते. सॉफ्टवेअर कंपन्यांत मात्र डायरेक्टर ही बहुतेकदा नोकरीतली एक वरची पायरी असते. पाहुण्या मंडळावर आहेत का, हे फोन करून विचारा. नसतील तर ‘डायरेक्टर’च लिहा.

मराठी पद असताना इंग्रजी ठेवणं

शासन, जिल्हा परिषद, विद्यापीठ इथली पदं आपण घडवायची नसतात, ती ठरलेली असतात. तोंडी आपण सगळेच ‘झेडपीचे सीईओ’ म्हणतो, पण परिचयात ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’च हवं, कारण कायद्यात आणि कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवर तेच आहे. डेप्युटी कलेक्टर म्हणजे उपजिल्हाधिकारी, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी. खासगी कंपनीच्या प्रमुखाला मात्र ‘सीईओ’ म्हटलेलं उत्तम. अक्षरं तीच असली तरी निर्णय वेगळा, कारण पद देणारी संस्था वेगळी. खात्री नसेल तर नेमणुकीचा मराठी आदेश किंवा कार्यालयाची पाटी बघा. भाषा संचालनालयाचा पदनाम कोशही त्यासाठीच आहे.

आपल्या नमुन्यातलं पहिलं पद याच गटातलं. असिस्टंट प्रोफेसर म्हणजे सहायक प्राध्यापक, असोसिएट प्रोफेसर म्हणजे सहयोगी प्राध्यापक. कानाला जवळचे वाटतात, म्हणून घाईत अदलाबदल होते आणि माणसाला न मिळालेली बढती छापली जाते. समोर बसलेल्या प्राध्यापकांना ते पहिल्या वाक्यात खटकतं. जुन्या नोकरीचं पद त्या काळचंच ठेवा : 1998 साली कुणी अधिव्याख्याता म्हणून लागलं असेल, तर आजच्या नावाने त्याला तेव्हाचा सहायक प्राध्यापक करू नका.

अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं

‘वरिष्ठ प्रॉडक्ट मॅनेजर’ किंवा ‘सीनियर व्यवस्थापक’ असं जोडकाम टाळा. पद ठेवायचं तर अख्खं ठेवा. ‘सीए’चा मात्र बाऊ नको. ‘सनदी लेखापाल’ बरोबरच आहे, पण सोलापुरात बोलताना सगळे सीएच म्हणतात आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं. शिवाय ‘सनदी अधिकारी’ म्हणजे आयएएस, त्यामुळे घाईत ऐकणाऱ्याची गल्लत होऊ शकते.

पाहुण्या संचालक मंडळावर नाहीत असं फोनवर कळलं, तर परिचय असा होईल :

‘इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या सहायक प्राध्यापक होत्या. पुढे पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून ॲपमध्ये कोणत्या सोयी आणायच्या हे त्या ठरवत. आता त्याच कंपनीत डायरेक्टर, प्रॉडक्ट या पदावर असून असे निर्णय घेणाऱ्या सगळ्या गटांचं काम त्या पाहतात.’

छापायला देण्याआधी हा मजकूर पाहुण्यांना पाठवा आणि ‘पदं बरोबर आहेत ना?’ एवढंच विचारा. शेवटच्या वाक्यातलं कामाचं वर्णन त्यांनीच तपासलेलं बरं.