पिकलेल्या घडावर फुलोरा?

पिंपळगावच्या मामांनी द्राक्षखरेदीदाराच्या अटींचं मराठी भाषांतर पाठवलं. ‘एका पानात सांग रे,’ म्हणाले. तिसऱ्याच ओळीत अडलो: ‘घडावरील फुलोरा शाबूत असावा.’ काढणीच्या घडाला कुठला फुलोरा? मूळ इंग्रजीत ‘ब्लूम’ असणार, म्हणजे मण्यावरचा पांढुरका मेणचट थर. हात लागला की पुसतो, म्हणून खरेदीदार त्यावरून हाताळणी जोखतो.

आधी मी सारांशात गुपचूप ‘थर’ लिहून टाकलं होतं. मग खोडलं. माझा अंदाज मामा करार समजून बसले असते! भाषांतरातले शब्द अवतरणात ठेवले आणि शेजारी लिहिलं: ‘बहुधा मण्यावरचा थर, मूळ पाहा.’

खरी भीती सरळ वाटणाऱ्या ओळीची होती: ‘माल पोहोचल्यावर ४८ तासांनी तक्रार करावी.’ तासांनी की तासांच्या आत? ताज्या फळाला दोन दिवस थांबून तक्रार, हे पटेना. पण इथे अंदाजावर भागणार नव्हतं, पैसे अडकतात. ही ओळ सारांशाच्या डोक्यावर टाकली: ‘अर्थ नक्की नाही, मूळ कलम मागवा.’

मामांनी मूळ प्रत मागवली. त्यात ‘विदिन’ होतं. फुलोराही ‘ब्लूम’च निघाला.