मावसभावाला घड्याळ नाही, फाइल दिली

धाकटा मावसभाऊ इंजिनीअर झाला तेव्हा डोंबिवलीहून मावशीचा फोन आला, "त्याला एखादं चांगलं घड्याळ घे गं." मी मसजिद बंदरला उतरले, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून पारदर्शक कप्प्यांची एक जाड फाइल घेतली आणि रविवारी तिच्याकडे गेले. फाइल पाहून मावशीचा चेहरा पडला. खरी भेट ती फाइल भरण्यात गेलेली दुपार होती.

माझी दहावीची मार्कशीट बाबांनी कौतुकाने लॅमिनेट करून आणली होती. पुढे परदेशी कामासाठी तिच्या मागे शिक्का हवा होता, तो प्लास्टिकवर बसेना. प्लास्टिक सोलताना कागदच फाटला आणि बोर्डाकडून दुसरी प्रत काढावी लागली. त्यामुळे पहिला नियम हाच: मूळ कागद कप्प्यात सरकवायचा, लॅमिनेशन नाही, पंचिंगही नाही.

मग आम्ही दहावीची मार्कशीट, पॅन आणि आधार शेजारी मांडून नावाचं एकेक अक्षर जुळवत बसलो. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पॅनवर शेवटी. या उलटसुलट क्रमाचा सहसा घोळ होत नाही, कंपनीतल्या लोकांना तो ओळखीचा असतो. घोळ होतो स्पेलिंगचा. याच्या मार्कशीटवर आणि पॅनवर आडनावात 'व्ही', आधारवर 'डब्ल्यू'! मराठी वाचणाऱ्याला दोन्ही एकच, पण संगणकाला ही दोन वेगळी माणसं.

"ताई, एका अक्षरानं काय होतंय?" तो म्हणाला. होतं असं की पहिल्या नोकरीत पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, आधारवरच्या नावाने निघतो. पॅनवर वेगळं नाव असेल तर तिथे केवायसी अडते, आणि ते कळतं नोकरी बदलून पैसे काढायला किंवा हलवायला गेल्यावर. शिवाय पॅन-आधार जोडणीही नावावरच अडू शकते.

कुठला कागद सुधारायचा, हे ठरवणं सोपं होतं. मार्कशीट बदलणं सगळ्यात कटकटीचं, म्हणून ती प्रमाण मानायची आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवायचे. याचं पॅन बरोबरच होतं, तेच पुरावा म्हणून आधार केंद्रात नेलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावतीवरचं स्पेलिंग तिथल्या तिथे वाचून घे, असं त्याला दोनदा बजावलं.

उरलेल्या कप्प्यांत आठही सेमिस्टरच्या मार्कशीट क्रमाने लावल्या. पदवी पदवीदान समारंभानंतर मिळते. तोवर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर काम भागतं, पण त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो, आणि याने केलाच नव्हता. सोमवारी कॉलेजच्या खिडकीवर पाठवला.

घड्याळ शेवटी मावशीनेच घेतलं.