हिऱ्याचे कॅरेट ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये कसे बदलावे : मंगळसूत्राच्या एका बिलावरून

हिऱ्याचे वजन कॅरेटमध्ये सांगतात आणि सोन्याचे ग्रॅममध्ये. दोन्ही वेगवेगळी राहतात तोवर काही अडचण येत नाही. हिरा सोन्यात जडवला की मात्र एकाच बिलात दोन मापे शेजारी येतात, आणि दागिन्याच्या एकूण वजनातून हिऱ्यांचे वजन वजा करून सोन्याचे निव्वळ वजन काढावे लागते. ही वजाबाकी ग्रॅममध्ये होत असल्यामुळे त्याआधी कॅरेटचे ग्रॅम करणे भाग असते. ठाण्यातील माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी नौपाड्यातील एका पेढीवर हिऱ्यांचे छोटे मंगळसूत्र घेतले, तेव्हा गडबड नेमकी याच पायरीवर झाली होती. तेच बिल येथे उदाहरणासाठी घेतो.

आधी मूळ प्रमाण लक्षात घ्यावे. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, अर्थात ०.२ ग्रॅम. हे अंदाजाने धरलेले माप नसून १९०७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिलेले नेमके माप आहे. त्याआधी शहराशहराचा कॅरेट थोडा निराळा होता. लंडनचा सुमारे २०५ मिलिग्रॅमचा असे. आज बिलावर किंवा सर्टिफिकेटवर दिसणारा कॅरेट मात्र २०० मिलिग्रॅमचाच असतो, मग हिरा खाणीतला असो वा प्रयोगशाळेत वाढवलेला. बिलावर सोन्यापुढे लिहिलेले ‘१८ कॅरेट’ ही निराळी गोष्ट आहे. तो आकडा सोन्याची शुद्धता सांगतो, म्हणजे १००० भागांत ७५० भाग सोने, आणि त्याला ०.२ ने गुणण्याचा प्रश्नच येत नाही. बिल हाती आले की प्रथम कोणता कॅरेट शुद्धतेचा आणि कोणता वजनाचा हे पाहून घ्यावे.

आता रूपांतर. कॅरेटचे ग्रॅम करायचे असतील तर आकड्याला ०.२ ने गुणावे, किंवा त्याची दुप्पट करून दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवावे. मिलिग्रॅम हवे असतील तर २०० ने गुणावे. पेढीवर उभे असताना मात्र याहून सोपी वाट आहे आणि ती सेंटमधून जाते. सराफ ‘तीस सेंटचा हिरा’ म्हणतो तेव्हा सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, अर्थात २ मिलिग्रॅम, असे त्याला म्हणायचे असते. काही जण त्यालाच पॉइंट म्हणतात. म्हणून सेंटच्या दुप्पट मिलिग्रॅम, एवढेच ध्यानात ठेवले तरी काम भागते. तीस सेंट म्हणजे ६० मिलिग्रॅम, पंचाहत्तर सेंट म्हणजे १५० मिलिग्रॅम. उलट जायचे असेल तर मिलिग्रॅमची निमपट करावी म्हणजे सेंट मिळतात, आणि ग्रॅमची पाचपट करावी म्हणजे कॅरेट मिळतात. ही पाचपट पुढे बिल तपासताना फार कामाला येते.

बहिणीच्या मंगळसूत्राचे एकूण वजन ९.८४० ग्रॅम होते. त्यात काळे मणी १.२५० ग्रॅमचे होते. पेंडंटमध्ये मधोमध ०.३१ कॅरेटचा एक हिरा आणि त्याच्याभोवती प्रत्येकी ०.०२ कॅरेटचे १७ छोटे हिरे होते. हिशेबाची पहिली पायरी म्हणजे सर्व हिऱ्यांची बेरीज कॅरेटमध्येच करणे. १७ छोट्या हिऱ्यांचे ०.३४ कॅरेट आणि मधल्या हिऱ्याचे ०.३१ कॅरेट मिळून ०.६५ कॅरेट होतात. प्रत्येक खड्याचे आधी ग्रॅम करून मग बेरीज करण्याचा मोह टाळावा, कारण ०.०२ कॅरेट म्हणजे ०.००४ ग्रॅम, आणि ग्रॅमचा आकडा दोनच दशांशांपर्यंत लिहिला तर तो थेट शून्य होऊन १७ खडे हिशेबातून नाहीसे होतात. बेरीज कॅरेटमध्ये करावी, रूपांतर शेवटी एकदाच करावे आणि ग्रॅम नेहमी तीन दशांशांपर्यंत लिहावेत.

दुसरी पायरी रूपांतराची. ०.६५ कॅरेट म्हणजे ६५ सेंट, म्हणजे १३० मिलिग्रॅम, म्हणजेच ०.१३० ग्रॅम. तिसरी पायरी वजाबाकीची, आणि ती अशी :

```
९.८४० − १.२५० − ०.१३० = ८.४६० ग्रॅम सोने
```

बिलावर मात्र सोन्याचे निव्वळ वजन ७.९४० ग्रॅम छापून आले होते. बहिणीला ते काहीसे कमी वाटले म्हणून तिने मला फोन केला. अशा वेळी उलटा हिशेब करावा. एकूण वजनातून निव्वळ वजन वजा केल्यावर १.९०० ग्रॅम उरतात. त्यातून मण्यांचे १.२५० ग्रॅम काढले की ०.६५० ग्रॅम उरतात, आणि हे वजन हिऱ्यांचे म्हणून वजा केलेले आहे. त्याची पाचपट केली तर ३.२५ कॅरेट येतात. १८ हिऱ्यांच्या त्या नाजूक पेंडंटमध्ये सव्वातीन कॅरेट असणे शक्यच नव्हते. काय घडले असावे ते आकड्यावरूनच दिसत होते : बिल करणाऱ्याने मण्यांचे ग्रॅम ज्या रकान्यात भरले, त्याच रकान्यात हिऱ्यांचे कॅरेट जसेच्या तसे भरले होते. या चुकीची खूण सहज ओळखू येते. एकाच हिऱ्याचा कॅरेटचा आणि ग्रॅमचा आकडा कधीही सारखा असू शकत नाही, ‘०.६५’ दोन्हीकडे दिसला की रूपांतर झालेलेच नाही असे खुशाल समजावे.

वरवर पाहता ही चूक गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडणारी होती. हिशेबाच्या सोयीसाठी १८ कॅरेट सोन्याचा दर ग्रॅमला ९,००० रुपये धरला, तर ०.५२० ग्रॅम सोन्याचे ४,६८० रुपये बिलात लागलेच नव्हते, आणि त्यावरची घडणावळही नाही. तरीही बहिणीने बिल दुरुस्त करून घेतले आणि फरकाचे पैसे भरले. तिचा विचार मला पटला. प्रामाणिकपणाचा मुद्दा तर होताच, शिवाय पुढे कधी हा दागिना मोडायची किंवा बदलून घ्यायची वेळ आली, तर पेढी आपल्याच बिलावरचे निव्वळ वजन प्रमाण मानण्याची शक्यता अधिक असते, आणि त्या वेळी हेच अर्धा ग्रॅम सोने तिच्या हातून गेले असते, तेही तेव्हाच्या दराने.

याच्या उलट चूकही होते, आणि ती अधिक गुपचूप होते. हिऱ्यांचे वजन वजाच केले नाही तर निव्वळ वजन ८.५९० ग्रॅम दिसते. त्यात ०.१३० ग्रॅम हिरा सोन्याच्या भावाने, म्हणजे वरच्याच दराने १,१७० रुपयांना, विकला जातो. हिऱ्यांचे पैसे कॅरेटच्या भावाने वेगळे लागतात ते लागतातच. फरक लहान असल्यामुळे तो नजरेस येत नाही. येथेही तपासणी तीच : एकूण वजन वजा निव्वळ वजन, त्यातून मणी किंवा इतर खडे वजा, आणि उरलेल्याची पाचपट. उत्तर बिलावरच्या हिऱ्यांच्या कॅरेटशी जुळले पाहिजे. येथे उत्तर शून्य आले असते.

ही तपासणी अगदी शेवटच्या मिलिग्रॅमपर्यंत जुळेलच असे नाही, आणि त्याची कारणे समजून घेतली म्हणजे नसता संशय येत नाही. पहिले कारण सर्टिफिकेटवरचा आकडा. प्रयोगशाळेचा काटा कॅरेटचे दोनहून अधिक दशांश दाखवतो, पण अहवालावर दोनच दशांश छापतात. जीआयए या संस्थेची पद्धत तर अशी आहे की तिसरा दशांश ९ असेल तरच आकडा वर न्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा. त्यामुळे तिच्या अहवालावर ०.३० कॅरेट लिहिलेला हिरा प्रत्यक्षात ०.२९९ पासून जवळजवळ ०.३०९ कॅरेटपर्यंत कुठेही असू शकतो. मिलिग्रॅममध्ये ही मर्यादा ५९.८ ते सुमारे ६१.८ अशी पडते. असा सुटा हिरा पेढीच्या काट्यावर ०.०६१ ग्रॅम भरला, तर अहवालात काही खोट आहे असे नव्हे.

दुसरे कारण वजनकाट्याचे. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने पाच कॅरेटचा एक घास. त्याच्यावर अंगठीतला हिरा ठेवणे व्यर्थ आहे. ऑनलाइन मिळणारे छोटे काटे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतात, पण तो एक टप्पाही पाच सेंटचा असतो. अशा काट्यावर ‘०.०६’ दिसले तर खडा साडेसत्तावीस सेंटचा आहे की साडेबत्तीस सेंटचा, हे सांगता येणार नाही, आणि हिऱ्याच्या भावात पाच सेंटचा फरक लहान नसतो. सराफाचा ०.००१ ग्रॅमचा काटा अर्ध्या सेंटपर्यंत नेतो. बहुतेक सराफी काट्यांवर मापाचे बटण असते आणि ते दाबल्यावर पडद्यावर g च्या जागी ct दिसते. सुटा हिरा समोर तोलला जात असेल तर दोन्ही मापांत आकडा पाहावा. तो पाचपटीने बदलला पाहिजे. जुन्या चिठ्ठीवर वजन गुंजांमध्ये असेल तर मात्र ०.२ चा गुणाकार चालत नाही, कारण तोळ्याच्या हिशेबाने गुंज सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची पडते.

जडवलेला हिरा तर काट्यावर वेगळा ठेवताच येत नाही, म्हणून तयार दागिन्यात कॅरेटच्या आकड्यासाठी सर्टिफिकेटवर किंवा बिलावर विसंबावे लागते. दागिना सांगून घडवून घेत असाल, तर जडवण्याआधी खडे समोर तोलून घेण्याची विनंती करावी. तयार दागिन्यातल्या गोल हिऱ्याचा अंदाज घेण्याची एक रीत मात्र जाणकार वापरतात : व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.००६१. मंगळसूत्रातल्या मधल्या हिऱ्याचा व्यास ४.३५ मिलिमीटर आणि खोली २.६८ मिलिमीटर भरली, त्यावरून ०.३०९ कॅरेट, म्हणजे जवळपास ६२ मिलिग्रॅम येतात, आणि बिलावरचे ०.३१ कॅरेटही ६२ मिलिग्रॅमच होतात. हे सूत्र हिऱ्याची घनता गृहीत धरून बांधलेले आहे. खडा क्युबिक झिरकोनियाचा, ज्याला बाजारात झिरकॉन म्हणतात त्याचा, असेल तर तो त्याच मापात दीडपटीहून जड भरतो, त्यामुळे सुट्या खड्याचे सूत्राने आलेले वजन आणि काट्यावरचे वजन यांत एवढी मोठी तफावत आली, तर तो खडा आधी हिरा आहे का हेच तपासून घ्यावे.