रद्दीवाला येतोय आणि पुरवणीत चाळीस हजार : माझा एका खोलीतला सीन

एकांकिका लिहायला नवीन असाल तर माझी चूक आधी सांगतो. सांगलीत आमच्या ग्रुपसाठी एक सीन लिहिला होता, खोली एकच, बाई रद्दी बांधून विकते आणि शेवटी नवरा येऊन ओरडतो, अगं त्या पेपरात पैसे होते! तालमीत बसलेले दोन सेकंद दचकले आणि चहाला गेले.

मग उलटं केलं. पहिल्या अर्ध्या पानातच नवरा चाळीस हजार रविवारच्या पुरवणीत घालतो, कारण दारात उधारी मागणारा मेव्हणा आलाय, आणि त्याला घेऊन तसाच बाहेर पडतो. मोबाईल टेबलावरच राहतो, नाहीतर लोक विचारणारच की फोन का नाही केला. (आधी दोन लाख लिहिले होते, पण पाचशेची चार बंडलं घातल्यावर पेपर उशीसारखा फुगला.)

आता प्रेक्षकाला सगळं माहितीय, बाईला काहीच नाही. इथं मी परत घसरलो. बाई नुसती खोलीत फिरत होती, त्यामुळं ती बावळट वाटायला लागली. तिला स्वतःची घाई पाहिजे. म्हणून संध्याकाळी पोरीला बघायला पाहुणे येणार असं केलं, कोपऱ्यातला रद्दीचा ढीग तिला आत्ताच्या आत्ता हलवायचाय. म्हणजे ती जितकी नीट काम करते तितका आपला जीव वर जातो.

भिंतीवरच्या घड्याळाच्या नादाला लागू नका, मागच्या रांगेतून काटे दिसत नाहीत आणि सीनमधली पंधरा मिनिटं सात मिनिटांत संपतात ते लगेच कळतं. आमचं घड्याळ म्हणजे रद्दीवाल्याची आरोळी. एकदा लांबून, एकदा गल्लीच्या तोंडाशी, मग दारात. मधे बाईचा हात दोनदा पुरवणीपाशी जातो. एकदा ती उघडणार तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, दुसऱ्यांदा ती पुरवणी फळीवर अंथरायला बाजूला काढते (इथं लोक सुस्कारा सोडतात), आणि डाग दिसला म्हणून परत ढिगात टाकते. दोन्ही वेळा शिट्टीच वापरली असती तर लेखकाचा हात दिसला असता.

सगळ्यात भारी चालला तो घासाघिशीचा भाग. रद्दीवाला म्हणतो बारा रुपये किलो, ही चौदावर अडून बसते, "वैनी, परवडत न्हाई ओ", आणि गठ्ठा काट्यावर लटकलेला. पैशाबद्दल एक अक्षर नाही, ती दोन रुपयांसाठी भांडतीय. हे मी दीड पान ताणलं, आणि बाकी सगळ्या सीनमधून कापलं.

एक मात्र स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा. आरोळीचा क्यू मिनिटांवर देऊ नका, कृतीवर द्या, "सुतळीची दुसरी गाठ बसली की". आमचा विंगेतला पोरगा मोबाईलवर वेळ बघत होता, बाईनं त्या दिवशी काम भरभर उरकलं आणि गठ्ठा बांधून ती दाराकडं बघत नुसती उभी राहिली.