घरच्या लाइट मशीनने केस काढायचे, तर सावळ्या कातडीची चाचणी आधी

आयपीएल, म्हणजे प्रकाशाचे फ्लॅश मारून केस काढणारी घरगुती मशीन. तिचा प्रकाश केसाला ओळखत नाही, काळ्या रंगाला ओळखतो. केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन तो शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता मुळाला इजा करते. पण तेच मेलॅनिन सावळ्या कातडीतही असतं. मग उष्णता केस आणि कातडी यांच्यात वाटली जाते. केसाला कमी पोचते आणि कातडी भाजते. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, म्हणून तिथे कितीही फ्लॅश मारले तरी उपयोग नाही.

डब्यातल्या पुस्तिकेत रंगतक्ता असतो. कातडीच्या कोणत्या रंगाला फ्लॅशच्या जोराची कोणती पातळी चालते, ते त्यावरून कळतं. बहुतेक घरगुती मशीन शेवटच्या, सगळ्यात गडद चौकोनाला चालत नाहीत आणि त्याच्या आधीच्या चौकोनालाही बऱ्याच मशीन नकार देतात. तक्ता दुपारी दाराच्या उजेडात पाहा, दिव्याखाली नको. आणि पाहायचा तो चेहऱ्याशी लावून नाही, जिथे फ्लॅश मारायचा त्या जागेशी लावून.

ही चूक मी स्वतः केली. यवतमाळ जिल्ह्यात आमचं कोरडवाहू शेत आहे. कापसाची वेचणी संपली आणि जानेवारीत मी मशीन आणली. तक्ता पोटरीला लावला, रंग बसला आणि तीच पातळी कोपराखालच्या हातावर वापरली. पोटरी लुगड्याखाली असते, हात तीन महिने उन्हात होता. हातावर मशीनच्या काचेच्या मापाचे चौकोनी तपकिरी डाग उठले, एकाशेजारी एक, फरशी बसवल्यासारखे. ते पोळ्यापर्यंत पुरते गेले नव्हते. त्या मशीनला रंग ओळखणारा सेन्सर नव्हता. सेन्सर नसलेली मशीन सावळ्या माणसाने घेऊच नये, कितीही स्वस्त मिळो. सेन्सर असला तरी प्रत्येक जागी नव्याने टेकवून तपासा, कारण तो टेकवलेल्या जागेचाच रंग वाचतो.

आता चाचणी. पुस्तिका म्हणते, एक फ्लॅश मारा आणि चोवीस तास थांबा. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते, तिथे हे ठीक. आपल्या रंगावर लाली सहज दिसत नाही आणि डाग काही दिवसांनी वर येतो. म्हणून मी आठवडाभर थांबते.

भाचीसाठी असंच केलं. बावीस वर्षांची, गव्हाळीपेक्षा गडद, पोटरीवरचे केस जाड आणि काळे. पोटरीच्या आतल्या बाजूला बोटभर अंतर ठेवून तीन जागांच्या बाहेरून पेनाने खुणा केल्या. पेनाची शाई फ्लॅशखाली येता कामा नये. तिथे पहिली, दुसरी आणि तिसरी पातळी, प्रत्येकी एकच फ्लॅश. लाली शोधली नाही, तर बोटाने चाचपलं: जागा गरम आहे का, फुगली आहे का. पहिल्या दोन तासाभरात निवल्या. तिसरी संध्याकाळपर्यंत चरचरत होती आणि पाचव्या दिवशी तिथे राखट कडा दिसली. ती म्हणाली, "मावशी, तिसऱ्यानं लवकर होईन ना व?" मी दुसरीवरच थांबवलं. राखट कडा दिसली की ती पातळी त्या जागेसाठी कायमची बाद.

बाकी सोपं आहे. आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस काढा. वॅक्सिंग नको, मूळच उपटलं तर तापवायला उरतं काय? तीळ, मेंदी आणि गोंदण सोडून द्या. गोंदणाची शाई प्रकाश ओढून घेते आणि तिथे फोड येतो. दोन आठवड्यांनी एकदा, असं सात-आठ वेळा. नंतर ती जागा झाकलेली ठेवा, शेतात पूर्ण बाहीचा शर्ट घाला. गरोदरपणी किंवा डॉक्सीसायक्लिनसारखी औषधं सुरू असताना मशीन हातात घेऊ नका.

भाचीचे केस सात वेळांनंतर निम्म्याच्या आसपास आले, उरलेले बारीक झाले. कायमचे गेले नाहीत. तीन महिने बंद ठेवल्यावर ते पुन्हा दिसू लागले, म्हणून आता ती महिन्या-दीड महिन्याने एकदा करते.

हनुवटी आणि जबड्यावर मात्र मी कुणालाच करू देत नाही. तिथे अर्धवट उष्णतेने काहींचे केस उलट वाढतात, आणि हे आपल्यासारख्या सावळ्या बायकांत जास्त दिसतं. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील तर आधी पीसीओएसची तपासणी करून घ्या. कातडी फार गडद असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे एनडी-याग लेझर आहे का विचारा. त्याची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर असते, वरच्या थरातलं मेलॅनिन ती कमी पकडते आणि खाली मुळापर्यंत पोचते. त्यासाठी नागपूर-अमरावतीची खेप पडली तरी चालेल.