एका दिवसात १९० ऑफर लेटर: कारखान्यासाठी मोठी भरती कशी घ्यावी

चाकणसारख्या एमआयडीसीत नवी लाइन सुरू होताना एचआरला निरोप येतो तो असा: "एक तारखेला सेकंड शिफ्ट चालू करायची आहे, १२० ऑपरेटर लागतील." निरोप मिळाला की बहुतेक जण आधी पोस्टर छापायला टाकतात. मी आधी वही काढतो आणि हिशोब शेवटाकडून सुरू करतो.

उदाहरण म्हणून गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणारा कारखाना घेऊ. पहिल्या आठवड्यानंतर लाइनवर १२० जण उभे दिसायला हवेत, तर रुजू साधारण १४० जण व्हायला हवेत. १४० रुजू व्हायचे तर १९० जणांच्या हातात ऑफर लेटर पडायला हवं, कारण काही जण येतच नाहीत. त्यासाठी २६० जणांशी बोलावं लागेल, मेळाव्याला ४०० यावे लागतील, आणि ४०० यायचे तर ६०० जणांना फोन गेलेला हवा. हे प्रमाण माझ्या वहीतलं आहे. तुमचं वेगळं निघेल, पण पहिल्या खेपेला कुठून तरी सुरुवात हवी.

पगार हातात किती, ते आधी लिहा

जाहिरातीत "आकर्षक वेतन" लिहिलंत तर मेळाव्याच्या दिवशी चारशे वेळा एकच प्रश्न ऐकावा लागेल. त्यापेक्षा आकडा मांडा. समजा महिन्याचा एकूण पगार १८,००० आहे आणि त्यात बेसिक व डीए मिळून १५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १३५ आणि व्यवसाय कराचे २०० कापले की मुलाच्या हातात १५,८६५ पडतात. महिलांना या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात १६,०६५. कँटीन आणि बसचे पैसे कापणार असाल तर तेही तिथेच लिहा. पहिल्या पगाराच्या दिवशी "सांगितले अठरा आणि आले पंधरा" म्हणून सोडून गेलेला मुलगा गावात जाऊन काय सांगतो, ते पुढच्या मेळाव्याच्या गर्दीवरून कळतंच.

त्याच कागदावर ठळक अक्षरात आणखी एक ओळ हवी: "भरतीसाठी कोणालाही पैसे देऊ नका." मोठी भरती निघाली की कुणीतरी मध्यस्थ "माझी ओळख आहे" म्हणत मुलांकडून दोन-दोन हजार गोळा करतो. मुलांना ते खरं वाटतं आणि नाव कंपनीचं खराब होतं.

जागा आणि तारीख

कारखान्याच्या गेटवर मेळावा घेतला तर येणारे बरेचसे शेजारच्या प्लांटमधून कंटाळून निघालेले असतात. लातूर, बीड, परभणीकडच्या एखाद्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये घेतला तर नवी मुलं-मुली मिळतात. प्राचार्यांशी किंवा प्लेसमेंट बघणाऱ्या निदेशकांशी बोलून हॉल मागा. आताच्या कर्मचाऱ्यांनाही गावाकडच्या ग्रुपवर मेसेज टाकायला सांगा. ओळखीच्या माणसाकडून आलेला मुलगा सहसा टिकतो, कारण खोलीचा प्रश्न त्या ओळखीतूनच सुटतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरमधल्या लाल तारखा पाहून भागत नाही. जूनमधल्या पेरण्या, दिवाळीच्या आसपासची सोयाबीनची काढणी आणि आयटीआयची परीक्षा टाळा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्या जिल्ह्यात कधी आहे, तेही विचारून घ्या. त्या आठवड्यात मेळावा ठेवलात तर धडधाकट मुलं सगळी मैदानावर असतील.

मेळाव्याचा दिवस: पाच टेबलं, एक कार्ड

प्रत्येकाला आल्याबरोबर टोकन क्रमांकाचं एक जाड कार्ड द्यायचं. हे कार्ड त्याच्याबरोबर टेबलामागून टेबल फिरतं आणि सगळे निर्णय त्यावरच लिहिले जातात. लॅपटॉपवर नंतर भरू म्हटलं की संध्याकाळी कोण पास आणि कोण नापास यावरून वाद सुरू होतात.

पहिल्या टेबलावर आधार कार्ड, दहावीचं किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुक बघायचं. इथे अडकतं ते नाव आणि जन्मतारीख जुळण्यात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि एखादं अक्षरही वेगळं निघतं. क्रम वेगळा असेल तर चिंता नाही. जन्मतारीख वेगळी असेल तर पीएफचं खातं उघडताना अडचण येणार, तेव्हा मुलाला दुरुस्ती करून घ्यायला त्याच दिवशी सांगा. आधी कुठे काम केलं होतं का, हेही इथेच विचारा. मुलं ते लपवतात, पण पीएफचा जुना यूएएन क्रमांक नंतर निघतोच. पूर्वीची नोकरी असणं गुन्हा नाही, हे समजावून सांगितलं की खरं बोलतात. १८ वर्षं पूर्ण नसतील तर मात्र कार्ड तिथेच थांबतं.

दुसरं टेबल डोळ्यांचं. हार्नेसमध्ये लाल वायर, काळी रेघ असलेली लाल वायर, तपकिरी आणि नारिंगी अशा शेजारशेजारच्या रंगांशी दिवसभर काम असतं. त्यामुळे ठिपक्यांमधला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी घ्यायलाच हवी, आणि तीही खिडकीजवळ, चांगल्या उजेडात. रंग नीट दिसत नाहीत हे काही मुलांना पहिल्यांदा इथेच कळतं. अशा मुलाला घरी पाठवू नका. पॅकिंग किंवा स्टोअरची जागा असेल तर कार्डावर तसं लिहून पुढे पाठवा.

तिसऱ्या टेबलावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. तिथे लाकडी फळीवर सोळा भोकांचा एक कनेक्टर बसवलेला असतो, शेजारी टर्मिनल लावलेल्या वायरींचा जुडगा आणि कोणती वायर कोणत्या भोकात, त्याचं चित्र. लाइनवरचा माणूस एकदा करून दाखवतो: वायर ढकलायची, टक आवाज ऐकायचा, मग हलकेच ओढून बघायची. मुलाने हे दोनदा करायचं. पहिल्या खेपेचा वेळ मी बघतही नाही. दुसऱ्या खेपेला चुका कमी झाल्या का आणि ओढून बघायचं न सांगता लक्षात राहिलं का, एवढंच बघतो. हात सावकाश असेल तर महिन्याभरात वेग येतो. ओढून न बघणाऱ्याला मात्र तीच गोष्ट रोज सांगत बसावी लागते.

सगळं तुंबतंही याच टेबलावर, म्हणून गणित आधी करा. एका मुलाच्या दोन्ही खेपांना मांडामांडीसह दहा मिनिटं लागतात. दहा फळ्या असतील तर तासाला ६० जण आणि सहा तासांत ३६०. पाचच फळ्या नेल्या तर दुपारी दोननंतर व्हरांड्यात दोनशे जण उभे असतील आणि त्यातले हुशार आधी निघून जातील. उमेदवारांनाही सकाळी आठ, साडेदहा आणि दुपारी एक अशा तीन वेळा देऊन बोलवा.

चौथं टेबल बोलण्याचं. इथे ज्यांच्या लाइनवर हे लोक जाणार आहेत ते सुपरवायझर बसायला हवेत. एकाला पाच मिनिटं धरली तर तासाला बारा आणि सहा तासांत ७२ होतात. २६० जणांसाठी चार जण लागतात. चौघांनाही "हो" म्हणायचा अधिकार हवा. "साहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य आलं की मेळावा फसला समजा. प्रश्न चारच: कामाचा छापील कागद वाचून दाखव, आठ तास उभं राहायला काही अडचण, पाळी बदलून चालेल का, आणि राहणार कुठे. लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, हे प्रश्न कोणीही विचारायचे नाहीत. सुपरवायझरांना हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेवा. मुलींशी रात्रपाळीबद्दल बोलताना बस कुठून सुटते आणि तिच्यात सोबत कोण असतं, हे त्यांनी न विचारता सांगा.

निर्णय कार्डावर रंगानेच होतो. हिरवा म्हणजे घेतला, लाल म्हणजे नाही. पिवळा द्यायचा असेल तर कारण एका ओळीत लिहायचं, आणि दुपारी चार वाजता चौघांनी एकत्र बसून प्रत्येक पिवळं कार्ड हिरवं किंवा लाल करायचं. पिवळं कार्ड घेऊन कोणी घरी जायचं नाही.

पाचव्या टेबलावर हिरव्या कार्डाला ऑफर लेटर, रुजू होण्याची तारीख आणि बसची वेळ. आणि बुटाचा नंबर लिहून घ्या. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एकदा आमच्याकडे रुजू होण्याच्या सकाळी स्टोअरमध्ये आठ आणि नऊ नंबरचे सेफ्टी शूज ढिगाने होते, आणि चप्पल घालून उभ्या असलेल्या निम्म्या मुलींना चार-पाच नंबर लागत होता. शॉप फ्लोअरवर चपलेने जाता येत नाही. पहिला आख्खा दिवस त्यांनी कँटीनमध्ये बसून काढला.

ऑफर आणि रुजू यांच्यामधले दिवस

भरती गळते ती इथे. एका वर्षी आम्ही ऑफर दिल्यावर बारा दिवसांनंतरची तारीख दिली होती. बस ठरलेल्या वेळी स्टँडसमोर उभी राहिली आणि निम्म्याहून कमी मुलं चढली. बाकीच्यांना मधल्या काळात दुसऱ्या कारखान्याने "उद्या या" म्हणून नेलं होतं. तेव्हापासून मेळावा गुरुवारी, आणि रुजू पुढच्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, सत्तेचाळीस-सत्तेचाळीसच्या तुकड्यांत. १४० जण एका दिवशी बोलावले तर ट्रेनिंगच्या खोलीत मावत नाहीत आणि बँक-पीएफच्या कागदांत संध्याकाळ होते. नातेवाइकांकडे राहायची सोय असलेल्यांना सोमवारी बोलवा. खोली शोधायची आहे त्यांना शुक्रवार द्या, म्हणजे हातात काही दिवस राहतात.

पण खोली मिळाली तरी एक अडचण उरतेच. एक तारखेला रुजू झालेल्या मुलाच्या हातात पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पडतो. म्हणजे डिपॉझिट, मेस आणि मोबाइलचं रिचार्ज धरून सदतीस दिवस त्याने घरच्या पैशांवर काढायचे. दहावी-बारावी झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे जमत नाही, म्हणून तो पंधराव्या दिवशी गावी जातो आणि सुपरवायझर म्हणतात, "या पोरांना कामच नको." पहिल्या महिन्यात दर शनिवारी दीड हजार ॲडव्हान्स देऊन पुढे पगारातून वळता केला, तर ही गळती बरीच थांबते. मॅनेजमेंटकडून ही मंजुरी मेळाव्याच्या आधी घ्या, म्हणजे पाचव्या टेबलावर ती सांगता येते.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. नुसता मेसेज टाकू नका. "येतो ना?" विचारलं तर सगळे "हो" म्हणतात. "कोणत्या गाडीने येणार?" विचारलं की खरं उत्तर कळतं. ज्याला गाडी सांगता येत नाही, त्याच्या जागी राखीव यादीतला पुढचा माणूस त्याच वेळी बोलवायचा.

आठव्या दिवशी वहीत तीन रकाने भरा: कोण गेलं, कितव्या दिवशी गेलं, आणि का. कारण एका शब्दात लिहा: खोली, रात्रपाळी, पगार, घरचं आजारपण. पुढच्या भरतीला ६०० फोन लागतील की ९००, ते या तीन रकान्यांतून निघतं.